नावं ओळखीची, क्रियापदं परकी: लग्नातल्या एका फारसी शेराची गोष्ट

दरख्ते दोस्ती बिन्शान के कामे दिल ब बार आरद
निहाले दुश्मनी बरकन के रंजे बेशुमार आरद

हाफिज शिराझीच्या एका गझलेचा हा मतला, म्हणजे पहिला शेर. इराणमध्ये प्रमाण मानल्या जाणाऱ्या कझविनी-गनी प्रतीत ही गझल 115 व्या क्रमांकावर आहे. चौदाव्या शतकातला हा शेर इराणमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असतो. पुण्यातल्या एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये तो म्हणायचा आणि फारसीचा गंध नसलेल्या पाहुण्यांना समजावून द्यायचा, असं ठरलं. मी फारसी शिकवते आणि नवरीच्या आईशी माझी जुनी मैत्री आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ते कसं उभं राहिलं, कुठे अडलं आणि कशाने सुटलं, ते सविस्तर लिहिते. दोन भाषांच्या घरात लग्न असलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात भले भले एकाच जागी अडखळताना मी पाहिले आहेत.

नवरदेव शिराझचा. पुण्यात शिकायला आला आणि इथेच नोकरीला लागला. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी आधीच झाली होती. सकाळी अंतरपाट आणि मंगलाष्टकं झाली, संध्याकाळी त्याच हॉलमध्ये इराणी पद्धतीची सोफ्रे मांडली होती. सोफ्रे म्हणजे लग्नाचं दस्तरखान: समोर आरसा, दोन शमादानं, साखरेचा उभा सुळका, मध, सुकामेवा आणि हाफिजचा दीवान. नवरदेवाच्या वडिलांना तब्येतीमुळे येता आलं नव्हतं. त्यांनी हा शेर मुलीला फोनवर सांगितला आणि माझ्या वतीने तू म्हण, असं बजावलं. ती नवरदेवाची थोरली बहीण. फारसी आणि इंग्रजी उत्तम, मराठी जुजबी.

तिने आधी इंग्रजीत मसुदा केला होता. सुरुवातीला हाफिज कोण, मग शिराझच्या बागा, सूफी परंपरा, दख्खनशी नातं आणि सगळ्यात शेवटी शेर व त्याचा अर्थ. दख्खनची गोष्ट खरोखर सुंदर आहे. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की बहमनी सुलतान दुसऱ्या मुहम्मदशहाने हाफिजला दख्खनला बोलावलं होतं, वाटखर्चही पाठवला होता. हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजात चढला, पण वादळाने घाबरून परत गेला आणि सुलतानासाठी एक गझल तेवढी पाठवून दिली. हाफिजच्या काळानंतर दोन शतकांनी लिहिलेली ही हकीकत आहे, तेव्हा ती तेवढ्याच वजनाने सांगायची. तरीही मसुद्यातून काढताना मला वाईट वाटलं. पण रिसेप्शनमध्ये माईकसमोर उभ्या माणसाला लोक फार तर तीन-चार मिनिटं देतात. नंतर जेवणाच्या रांगेत कुजबुज सुरू होते. कवीच्या चरित्रात ती मिनिटं गेली, तर शेर पोचायच्या आतच ऐकणाऱ्यांचं लक्ष उडालेलं असतं.

खरी अडचण मात्र लांबीची नव्हती, ती अर्थात होती. नवरीच्या नात्यातल्या एका विद्वान गृहस्थांनी मराठी भाषांतर करून ठेवलं होतं: 'मैत्रीचा वृक्ष लाव, जो हृदयाची इच्छा फलद्रूप करील, शत्रुत्वाचे रोप उपट, जे अगणित दुःखे आणते.' यात चूक एकही नाही. परीक्षेत मी याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण हे ऐकल्यावर मूळ शेर कानाला होता तेवढाच परका राहतो, कारण मूळ शेरात मराठी माणसाच्या ओळखीचे जेवढे शब्द होते तेवढे सगळे भाषांतराने पुसून टाकले. दोस्ती गेली आणि मैत्री आली. दिलचं हृदय झालं, दुश्मनीचं शत्रुत्व झालं, बेशुमारचं अगणित झालं. दोस्ती, दिल, दुश्मनी, बेशुमार हे शब्द आपण मराठी बोलता बोलता वापरतो. ते हाफिजच्या तोंडून ऐकू येत असताना त्यांच्यावर संस्कृत शब्दांची चादर घालायचं काही कारणच नाही.

मग भाषांतर न करता नुसता शेर म्हटला तर? ते आम्ही करून पाहिलं आणि नवरीच्या आजींनी आम्हाला जागेवर आणलं. आजी ऐंशीच्या पुढच्या, कान तिखट. घरात बहिणीने शेर म्हटला तशा आजी म्हणाल्या, "दोस्ती कळलं. दिल पण कळलं. पण लग्नात ही दुश्मनी कशाला गं बाई? आणि ते बेशुमार काय, दुश्मनी बेशुमार?"

आजींचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना कळलेले शब्द एकापुढे एक ठेवले तर दुसऱ्या ओळीचा अर्थ तसाच निघतो. या शेराची गंमत अशी की त्यातली नावं बहुतेक मराठी कानाला ठाऊक आहेत आणि क्रियापदं एकही ठाऊक नाही. बिन्शान म्हणजे लाव, रोव. बरकन म्हणजे मुळासकट उपटून काढ. आरद म्हणजे आणतं, आणील. फारसीतून मराठीत शेकड्यांनी नावं आणि विशेषणं आली: दरबारातून, कचेरीतून, बाजारातून, फौजेतून. क्रियापदं मात्र बहुतेक आपण आपलीच ठेवली. त्यामुळे अशा शेरात मराठी श्रोत्याला माणसं दिसतात, पण ती काय करताहेत ते दिसत नाही. दोस्ती आणि दुश्मनी दोघी मंचावर उभ्या आहेत, एवढंच आजींना दिसलं. दुसरीला हाकलून दिलं जातंय, हे बरकनमध्ये होतं आणि तेच निसटलं होतं.

मी आजींना तीनच शब्द दिले. रोप लावतात तसे हात करून बिन्शान, मुठीत धरून उपटल्यासारखं करून बरकन, आणि ओंजळ पुढे करून आरद. शेर पुन्हा म्हणवून घेतला. आजी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "उपटून टाक म्हणतोय होय. मग बरोबर आहे त्याचं."

तिथेच भाषणाचा आराखडा ठरला. नावं समजावायची नाहीत, ती नुसती दाखवून द्यायची. क्रियापदं मात्र हातात द्यायची.

पुढची अडचण उच्चाराची. वर मी शेर आपल्याकडच्या वाचनाप्रमाणे लिहिला आहे. आजच्या इराणी तोंडून तो असा येतो: 'देरख्ते दूस्ती बेन्शॉन के कॉमे देल बे बॉर ऑरद, नहॉले दोश्मनी बरकन के रंजे बीशोमॉर ऑरद.' दोस्तीचं दूस्ती झालं, बेशुमारचं बीशोमॉर. फारसीत पूर्वी 'ए' आणि 'ओ' असे दीर्घ स्वर होते. इराणमध्ये ते पुढे 'ई' आणि 'ऊ' यांत मिसळून गेले. हिंदुस्थानात फारसी आली ती जुन्या उच्चारासकट, म्हणून आपण अजून दोस्ती आणि बेशुमार म्हणतो. बहिणीने आपला उच्चार बदलावा असं एकदा कुणीतरी सुचवलं, ते मला मुळीच पटलं नाही. वडिलांचा शेर ती वडिलांच्याच तोंडचा म्हणणार. त्याऐवजी आम्ही दोन आवाज ठेवले: फारसी तिचा, मराठी नवरीच्या धाकट्या भावाचा. ती 'बीशोमॉर' म्हणणार, तो लगेच 'बेशुमार' म्हणणार.

दोन आवाजांचा आणखी एक फायदा झाला, आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा होता. हा शेर आज्ञार्थी आहे. लाव, उपट. वरपक्षाच्या वडीलधाऱ्या बाईने भर हॉलमध्ये असं म्हटलं, तर मुलीकडच्यांना तो सुनेला केलेला उपदेश वाटायला वेळ लागत नाही. शिवाय या शेरात संबोधन एकवचनी आहे, त्यामुळे हे नक्की कुणाला सांगितलं जातंय हा प्रश्न उरतोच. मुलीचाच भाऊ मराठी अर्थ सांगतो म्हटल्यावर ती धार गेली. त्याने लाव न म्हणता 'लावा' म्हणावं, आणि दोघांना एकत्र उद्देशून म्हणावं, असंही ठरवलं.

आता शेराचा गाभा. हाफिज दोस्तीला दरख्त म्हणतो, म्हणजे वाढलेलं झाड. दुश्मनीला निहाल म्हणतो, म्हणजे कोवळं रोप. मराठी भाषांतरात वृक्ष आणि रोप हे आलंच होतं, पण कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. शब्दशः पाहिलं तर लावायचं ते रोप आणि उपटायचं ते झाड, असं हवं. हाफिजने उलट केलं. लावताना पुढे होणारं झाड डोळ्यांसमोर ठेव आणि दुश्मनी मात्र रोप असतानाच काढ, ती झाड व्हायची वाट बघू नकोस. ही समजूत शिराझच्या कवितेत हाफिजच्याही आधीपासून आहे. सादीच्या गुलिस्तानमध्ये अशाच अर्थाचा शेर आहे की नुकतं मूळ धरलेलं झाड एका माणसाच्या जोराने निघतं.

सादीचा तो शेर भाषणात घालावा असं माझ्या मनात होतं. पण नवरीचे मामा समोर बसले होते, त्यांची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. दरख्त आणि निहाल ऐकल्यावर ते म्हणाले, "आमच्यात पण तसंच की. गुटीचं रोप लावल्यापासनं पहिला बार धरायला दीड-दोन वर्षं जात्यात. आन् बुडातलं फुटवं कवळं हाय तवर हातानं निघतंय. ऱ्हायलं की मग कातर लागती."

मी सादी सोडून दिला. एका फारसी शेराच्या मदतीला दुसरा फारसी शेर आणला तर ऐकणाऱ्यावरचं ओझं दुप्पट होतं, आणि मामांचं बोलणं हॉलमधल्या निम्म्या लोकांना तसंच्या तसं समजणार होतं. मामांच्या तोंडी आलेल्या 'बार'मुळे एक प्रश्न मात्र उभा राहिला. शेतकऱ्याचा बार म्हणजे बहार, मृग बहार किंवा आंबे बहार यातला. हाफिजचा बार हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ फळ, फळांचा भार. दोन्ही शब्द फारसीच, पण मूळ निराळं. वर्गात मी हा फरक फळ्यावर लिहून दिला असता. इथे दोन्ही अर्थ झाडाच्या फळण्यापाशीच येऊन थांबतात, ऐकणाऱ्याची कुठेही दिशाभूल होत नाही, म्हणून मामांचा बार तसाच राहू दिला.

'काम' या शब्दाचं मात्र तसं नव्हतं. 'कामे दिल' ऐकल्यावर मराठी माणूस दिलाचं काम, म्हणजे कामधंदा, असं समजणार. इथे एक वाक्य खर्च करणं भाग होतं. फारसी काम म्हणजे इच्छा, आणि संस्कृतातला काम, जो मनोकामनेत आहे, तो याचा सख्खा भाऊ. इराणी आणि भारतीय भाषांच्या सामाईक पूर्वजाकडून दोघांना मिळालेला. भावाला मी एवढंच म्हणायला सांगितलं: 'कामे दिल, म्हणजे मनोकामना.' रंजचा अर्थ त्रास. रंजीस येणे आपण म्हणतो, त्यामुळे तो आपोआप कळण्यासारखा होता.

राहिली लय. या शेराचं वृत्त मफाईलुन चार वेळा, म्हणजे आपल्या मराठी गझलेत लगागागा चार वेळा, अर्थात वियद्गंगा. मराठी गझल वाचणाऱ्या-ऐकणाऱ्याच्या कानात हे वृत्त मुरलेलं असतं. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि गझल मराठीत रुजवली, त्या वाटेने हे वृत्त आपल्या घरचं झालं. भाषणात वृत्ताचं नाव घ्यायचं नाही हे उघडच होतं. पण बहिणीने शेर गद्यासारखा वाचू नये, ठेक्यात म्हणावा, एवढी काळजी घ्यायची होती. द-रख्-ते-दो, स्-ती-बिन्-शान, के-का-मे-दिल, ब-बा-रा-रद. 'बार आरद' सुटं न म्हणता 'बारारद' असं जोडून म्हटलं की ठेका बसतो. दोन्ही ओळी आरदवर येऊन टेकतात. तो रदीफ. त्याच्या आधीचे बार आणि बेशुमार हे काफिये. दुसऱ्यांदा म्हणताना आरदच्या आधी किंचित थांबायचं, म्हणजे लोकांना तो शब्द स्वतः म्हणता येईल, असं मी तिला सुचवलं. मुशायऱ्यात श्रोते रदीफ उचलतात, तसं.

संध्याकाळी भाषण झालं ते साधारण असं.

बहिणीने आधी कुठलीही प्रस्तावना न करता शेर म्हटला. मग भाऊ बोलला: "हे शिराझच्या हाफिजचं आहे, दाजींच्या वडिलांनी ताई-दाजींसाठी पाठवलंय. फारसी आहे, पण तुम्हाला निम्मं आलेलं आहे. ऐका. दोस्ती. दिल. दुश्मनी. बेशुमार. आलं ना? आता फक्त तीन शब्द नवे. बिन्शान, लावा. बरकन, उपटून काढा. आरद, आणतं. दोस्तीचं झाड लावा, ते कामे दिल, म्हणजे मनोकामना, फळाला आणतं. दुश्मनीचं रोप उपटून काढा, ते रंज आणतं, बेशुमार. झाड कुणाचं? दोस्तीचं. आणि दुश्मनीचं नुसतं रोप. आमचे मामा डाळिंबवाले आहेत, ते सांगतात, बुडातले फुटवे कोवळे असताना हाताने निघतात, राहिले की कातर लागते. तर ताई, दाजी, तुमच्या घरात रुसवेफुगवे होतील, ते त्याच आठवड्यात काढा."

मग बहिणीने शेर पुन्हा म्हटला, आरदपाशी थांबली. पहिल्या ओळीला पुढच्या दोन-तीन रांगांतून आवाज आला. दुसऱ्या ओळीला बराच मोठा आला. गुलाबाच्या सरबताचा पेला उचलून ती म्हणाली, "बे सलामतीये अरूस ओ दामाद," आणि सलामत काय किंवा दामाद काय, कुणाला विचारावं लागलं नाही.

समजलं की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, टाळ्या कशालाही पडतात. मी पाहत होते ते दुसऱ्या ओळीतल्या दुश्मनीपाशी. पहिल्यांदा शेर झाला तेव्हा मागच्या रांगेतल्या काही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं होतं, आजींनी घरात पाहिलं होतं तसंच. दुसऱ्या खेपेला त्याच शब्दाला त्या हसल्या, आणि एकीने शेजारणीला मूठ करून उपटायची खूण करून दाखवली. बरकन पोचलं होतं.

काय पोचलं नाही, तेही सांगते. बिन्शानचा दुसरा अर्थ बसव असा आहे, पाहुण्याला बसवतात तसं. त्यामुळे फारसी वाचकाला दोस्तीला घरात मानाने बसवल्याचीही छटा जाणवते. ती सांगायला घेतली असती तर लाव हा सरळ अर्थ डळमळला असता, म्हणून मुद्दाम सोडली. बाकीची गझल पुढे मद्यशाळेत जाते, दुसऱ्याच शेरात खुमारीची डोकेदुखी येते. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, तेव्हा मतला एकटा उचलण्यात काही गैर नाही. पण ज्यांना संपूर्ण गझल वाचायची इच्छा झाली त्यांना मी हे आधी सांगून टाकलं.

बहिणीला याच गझलेचा तिसरा शेरही म्हणायचा होता: 'शबे सोहबत गनीमत दान के बाद अझ रोजगारे मा, बसी गर्दिश कुनद गर्दून बसी लैलो नहार आरद.' सोबतीची ही रात्र लाभ समज, आपला काळ सरल्यावर आकाश खूप फिरेल, अनेक दिवसरात्री आणील. लग्नाच्या रात्रीसाठी याहून योग्य शेर शोधून सापडायचा नाही, आणि आपली सोबत याच सोहबतीतून आली आहे. तरी मी तो माईकवर नको म्हटलं. इथे क्रियापदं देऊन भागत नाही, कारण ओळखीचं नावच फसवतं. रोजगार म्हणजे फारसीत काळ, जमाना. मराठी माणसाला ऐकू येते नोकरी, आणि 'आपल्या रोजगारानंतर' म्हटलं की निवृत्तीच डोळ्यांसमोर येते. तो समज मोडून नवा बसवायला माईकसमोर वेळ नसतो. जेवणं झाल्यावर घरची माणसं बसली तेव्हा तिने तो निवांत म्हटला, रोजगारपाशी थांबून समजावला. मामांनी तो कागदावर लिहून मागितला, देवनागरीत. मी लिहून दिला आणि रोजगारच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'काळ' असं घातलं.